तुलनात्मक तक्ता आणि इतवारीचा भाव

कचेरीत पस्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस निवृत्तीनंतर स्टेशनरीचं काउंटर टाकतो, तेव्हा हिशेबाची वही त्याला शिकवावी लागत नाही. अडतं ते ठोकवाल्याच्या गादीसमोर. इथे घेतलेलं उदाहरण नागपूरच्या मानेवाडा भागातल्या अशाच एका निवृत्त लिपिकाचं आहे. आठ बाय दहाचा गाळा, दोनशे पावलांवर शाळा आणि पहिल्या मालासाठी बाजूला काढलेले चाळीस हजार रुपये. मोजकीच माणसं कामाला असली की महाराष्ट्रात दुकानाची नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते, त्यामुळे कागदपत्रांचं काम दोन दिवसांत उरकलं. खरं काम इतवारीच्या ठोक बाजारात होतं.

कचेरीच्या सवयीप्रमाणे त्यांनी तीन दुकानांतून भाव आणले आणि तुलनात्मक तक्ता केला. वस्तू एकच, १७२ पानी लाँग बुक, छापील किंमत ६० रुपये. (इथले भाव उदाहरणादाखल आहेत. ते दर मोसमात हलतात, हिशेबाची रीत हलत नाही.) पहिला म्हणाला, "छापीलवर तीस टक्के." म्हणजे ४२ रुपये. दुसरा म्हणाला, "नेट चाळीस, पण बारा डझनाच्या खाली नाही, भाडं-हमाली तुमची." तिसऱ्याचा भाव ४३, बारावर एक फुकट आणि माल दुकानपोच. १२ वह्यांच्या पैशांत १३ मिळतात, म्हणून एक वही ३९ रुपये ६९ पैशांना पडली. तक्त्यात सर्वांत कमी तिसरा. कचेरीत असतो तर निविदा त्यालाच गेली असती. इथेही त्यालाच गेली.

त्यांनी ७२ वह्या सांगितल्या, स्कीमच्या ६ धरून ७८ आल्या. बिल ३०९६ रुपयांचं. गठ्ठे सोडल्यावर निघाल्या ३६ एकरेघी, २४ चौकटी आणि १८ कोऱ्या. स्कीम मिक्स गठ्ठ्यावर होती आणि कुठल्या आखणीच्या किती वह्या घालायच्या हे ठोकवालाच ठरवत होता. भाव घेताना आखणीचा शब्द कोणीच काढला नव्हता. विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. एकरेघी वह्या जुलैच्या पहिल्या आठवड्यातच संपल्या आणि पुढची पोरं समोरच्या दुकानात गेली. गणपतीपर्यंत एकूण ५० वह्या खपल्या, गल्ल्यात ३००० रुपये आले. म्हणजे वरच्या फळीवर २८ वह्या पडून असताना बिलाचे पैसेसुद्धा पुरते निघाले नव्हते.

तक्ता चुकला नव्हता, पण त्यातल्या तीन ओळी तीन वेगळ्या गोष्टींच्या होत्या. एका ओळीत हवा तोच माल होता, दुसरीत दुप्पट माल आणि वाहतूक, तिसरीत ठोकवाल्याला काढायचा असलेला माल. भाव विचारण्याआधी वस्तूच पूर्ण सांगावी लागते: पानं किती, आकार कुठला, आखणी कुठली, एका आखणीच्या किती. आखणी शाळेवर ठरते, म्हणून मे महिन्यातच गल्लीतल्या एखाद्या पाचवीच्या आणि एखाद्या आठवीच्या पोराचं गेल्या वर्षीचं दप्तर बघून घ्यावं. शाळा स्वतःच छापील वह्या विकत असेल तर तेही तेव्हाच कळतं, आणि मग वह्यांवरचा निम्मा पैसा पेन, कव्हर आणि चार्टपेपरकडे वळवता येतो.

दुसऱ्या दुकानाचा ४० चा भावही उलगडून पाहण्यासारखा आहे, कारण नवा दुकानदार सहसा त्यालाच भुलतो. १४४ वह्यांचे ५७६० रुपये, त्यात मानेवाड्यापर्यंतचं भाडं आणि हमाली मिळून २०० धरले तर वही ४१ रुपये ३९ पैशांना पडली. सुतळीने करकचून बांधलेल्या गठ्ठ्यात वरच्या-खालच्या वह्यांचे कोपरे दुमडतात. अशा ९ निघाल्या, त्या ३० ला द्याव्या लागल्या आणि दुकानाने बदलून दिल्या नाहीत, तर चांगल्या वहीचा पडता भाव ४२ रुपये १५ पैशांवर जातो. पहिला दुकानदार ४२ ला देतो, खराब वही बदलून देतो आणि फक्त सहा डझन घ्यायला लावतो. सहा डझन लाँग बुकांचं वजन साधारण २२ किलो, स्कूटरच्या एका फेरीत येतं. पेट्रोलचे पाच-पंचवीस रुपये धरले तरी दोन्ही भाव जवळपास एकच. फरक इतकाच की एकीकडे ३०२४ रुपये गुंततात, दुसरीकडे ५९६०.

पेनांच्या बाबतीत घोळ कराचा. वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि क्रेयॉन यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य आहे, पेनवर मात्र १८ टक्के. दहा रुपये छापील किमतीचं पेन एक जण ८ ला सांगतो, दुसरा ७ ला. सात म्हटल्यावर मान आपोआप हलते. बिल होताना कळतं की भाव "सात प्लस" होता, म्हणजे ८ रुपये २६ पैसे. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या नोंदणी नसलेल्या दुकानदाराला हा कर परत मिळत नाही, त्याच्यासाठी ती सरळ खरेदीची किंमत. वरून गिऱ्हाइकाकडून छापील दहाच्या वर एक पैसा घेता येत नाही. म्हणून भाव ऐकला की पहिला प्रश्न "प्लस की सगळं धरून?" आणि नंतरच बाकीचं बोलणं.

टक्क्यांतही असाच चकवा असतो. आठला घेतलेलं पेन दहाला विकलं की नफा दोन रुपये. छापील किमतीवर तो २० टक्के होतो, खरेदीवर २५. विकणारा नेहमी मोठा आकडा बोलतो. "वीस आणि पाच" म्हणजे पंचवीस नव्हेत. आधी वीस सुटतात, उरलेल्या ८० वर पाच, म्हणजे एकूण २४. दहावर एक फुकट असेल तर सूट दहा टक्के नसून नऊच्या जरा वर. टक्के डोक्यात ठेवूच नयेत, प्रत्येक गोष्ट एका नगाच्या रुपया-पैशांत आणावी. लिपिकाच्या रजिस्टरमध्ये दुसऱ्या मोसमापासून भावाचा रकाना गेला आणि "पडता भाव" हा रकाना आला. त्यात कर, भाडं, स्कीम सगळं मुरवून एकच आकडा लिहिला जातो.

उधारीचं प्रकरण यापेक्षा नाजूक. ओळख झाली की गादीवरून हाक येते, "घेऊन जा नं काकाजी, पैसे कुठं पळून चालले?" पेन्शनवर जगलेल्या माणसाला उधारीची भीती वाटते आणि तो सगळं रोखीने घेतो. आकड्यांत ते बरोबरच आहे. दहा हजारांच्या बिलावर रोखीला तीन टक्के सुटत असतील तर आज ९७०० द्यायचे की तीस दिवसांनी १०,००० एवढाच प्रश्न असतो. महिनाभरासाठी तीनशे रुपये म्हणजे वर्षाला छत्तीस टक्क्यांच्या वर व्याज. बचत खात्यातले पैसे याच्या जवळपासही कमवत नाहीत.

तरीही सगळंच रोखीने घेणं आमच्या मते चूक. रोज खपणारा माल, म्हणजे एकरेघी वह्या, निळी पेनं, पेन्सिली, हा रोखीने घ्यावा आणि तीन टक्के कमवावेत. पण न विकून पाहिलेला माल, नवा कंपास, फॅन्सी पाऊच, जेल पेनांचा नवा डबा, हा उधारीवरच घ्यावा, भले दर थोडा चढा असो. पैसे चुकते झालेला माल परत घ्यायला ठोकवाला दहा कारणं सांगतो. पैसे राहिलेले असले की तोच माल निमूट परत घेतो, कारण नाही घेतला तर वसुली अडते. मागणी मात्र नीट करावी. "राहिलेला डबा न फोडलेला असेल तर ४५ दिवसांत परत" एवढं वाक्य त्याच्या हाताने पक्क्या बिलावर लिहून घ्यावं. कच्च्या चिठ्ठीवर परतीचा शब्द टिकत नाही. हे बोलणं सकाळी दुकान उघडल्या उघडल्या काढू नये. भवानीच्या आधी उधारीचं नाव घेतलेलं इतवारीत कुणालाच रुचत नाही. आणि जूनमध्ये तर नाहीच. ठोकवाल्याला बोलायला वेळ असतो तो एप्रिल-मेमध्ये.

त्याच महिन्यांत नागपूरचं ऊन मालाची परीक्षा घेतं. भर दुपारी उघड्या ऑटोतून आणलेले क्रेयॉन मऊ पडून एकमेकांना चिकटतात, चिकटपट्टीच्या कडांतून गोंद बाहेर येऊन धूळ धरतो. हा माल सकाळी दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी आणावा आणि टिनाच्या छपराखालच्या वरच्या फळीवर ठेवू नये. पेनांच्या प्रत्येक डब्यातलं एक पेन गादीवरच चालवून बघावं. रेघ तुटत असेल तर डबा जुना आहे किंवा उन्हात राहिलेला आहे.

राहिला झेरॉक्सचा कागद. आजूबाजूच्या झेरॉक्सवाल्यांना रीम पुरवायचं ठरलं तेव्हा लिपिकाने भावाआधी वजनकाटा मागितला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि ए-४ चे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतात. म्हणजे ७५ जीएसएमच्या ५०० कागदांचं वजन २ किलो ३४० ग्रॅम भरायला हवं, ७० जीएसएमचं २ किलो १८० च्या आसपास. वेष्टनाचे थोडे ग्रॅम वर. पाकिटावर ७५ छापलेलं आणि काट्यावर दोन-दोनशे, म्हणजे एकतर कागद पातळ आहे किंवा नग कमी. काटा नसेल तर शेजारच्या किराणा दुकानात एक रीम ठेवून येता येतं. काट्यावरचा आकडा दिसताच कागदवाल्याने वेगळी रीम काढली आणि भावात वादही घातला नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये ते पहिल्या, ४२ वाल्या दुकानात गेले. चिठ्ठीवर लिहिलं होतं: लाँग बुक १७२ पानी, एकरेघी ६०, चौकटी १२, कोरी नाही. कोऱ्या १८ अजून वरच्या फळीवर होत्या, त्या चित्रकलेच्या शिकवणीतली मुलं एकेक करून घेऊन जात होती.