रिसेट लिंक लगेच 'एक्स्पायर्ड' दाखवतेय? आधी हे बघा

पासवर्ड रिसेटची मेल आली, मिनिटभरात क्लिक केलं, तरी 'लिंक वापरली गेली आहे' असं येतं. हिंजवडीत माझ्या बहिणीला तीनदा असं झालं, ती बिचारी दर वेळी नवीन लिंक मागवत बसली. तिच्या ऑफिसच्या मेलवर सिक्युरिटी स्कॅनर आहे, तो आलेली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून तपासतो आणि लिंक एकदाच चालणारी असली की तिथेच संपते.

१. जिथे 'पासवर्ड विसरलो' दाबलं त्याच ब्राउझरमध्ये लिंक उघडा. मोबाईलवर मेल ॲप बऱ्याचदा स्वतःच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं आणि काही साइट्सना ते चालत नाही, म्हणून लिंकवर टॅप न करता दाबून धरा, कॉपी करा आणि क्रोममध्ये मागणी केली असेल तर क्रोममध्येच पेस्ट करा.
२. तरीही पहिल्याच क्लिकला संपलेली दाखवली तर बहुतेक स्कॅनरच, मग कॉपी करूनही उपयोग नाही. साइटवर लिंकऐवजी ओटीपीचा पर्याय असेल तर तो घ्या, कोड स्कॅनरने वाचला तरी वापरला जात नाही. बहिणीचं काम असंच झालं.
३. ओटीपी नसेल तर सपोर्टला सांगून खात्याला पर्सनल मेल लावून घ्या, किंवा ऑफिसच्या आयटीवाल्यांना त्या साइटच्या लिंका स्कॅनमधून वगळायला सांगा.

आणि पटापट चार वेळा मागणी करू नका, बहुतेक ठिकाणी नवी लिंक आली की जुनी बाद होते. लिंक कोणाला फॉरवर्ड तर अजिबात करू नका, ती ज्याच्या हातात तो पासवर्ड बदलू शकतो.