घराच्या रखडलेल्या बांधकामाची तक्रार इंग्रजीत नेताना या चुका टाळा

पहिली गोष्ट, इंग्रजीची गरज आहे का ते बघा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात मराठी तक्रार चालते. तिथे वजन पडावं म्हणून इंग्रजी करून नेणारे आपल्याच हाताने गोंधळ वाढवतात. खरी गरज पडते ती घर इकडे आणि माणूस तिकडे असतो तेव्हा. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. तेव्हापासून तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. खान्देशातली निम्मी गल्ली सुरतेत कामाला. त्यामुळे घर अमळनेरला, ठेकेदार अमळनेरचा आणि तक्रार सुरतेत, असं सहज घडतं. मराठी कागद तिथे कोण वाचणार? मग भाषांतर आलं, आणि त्याच त्या चुकाही आल्या.

असंच एक प्रकरण घेऊ. जुनं धाब्याचं घर. दोन खोल्यांचं धाबं उतरवून स्लॅब टाकायचा, गिलावा, फरशी आणि स्वयंपाकघरातला ओटा करायचा. ठेका मटेरियलसकट 6,40,000 रुपयांचा. शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलं, ‘आखाजीपर्यंत काम पूर्ण करून देईन.’ साल 2024. मालकाने टप्प्याटप्प्याने 4,50,000 रुपये दिले. स्लॅब पडला, अर्धा गिलावा झाला आणि मग मजूर दिसेनासे झाले. पुढचा सगळा पुरावा व्हॉट्सॲपवर, तोही अहिराणीत.

अहिराणी मेसेज पुण्या-मुंबईच्या माणसाकडे देणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. ठेकेदाराचा मेसेज होता: ‘मजूर उनात नही. दोन दिनमा करी देसू.’ अहिराणी कळणाऱ्याला यात अवघड काही नाही. मजूर आले नाहीत, दोन दिवसांत करून देतो. भाषांतर करणाऱ्याला मात्र अहिराणीचा गंध नव्हता. त्याने ‘उनात’चं ‘उन्हात’ केलं. मेसेज मे महिन्यातला, पारा चाळिशीच्या वर, त्यामुळे त्याला अर्थही चपखल बसल्यासारखा वाटला. इंग्रजीत उतरलं ते असं, की मजूर उन्हात काम करू शकत नाहीत, दोन दिवसांत काम होईल.

यात काय बिघडलं ते बघा. मूळ मेसेजमध्ये ठेकेदार स्वतःच कबूल करतोय की त्याने माणसं आणली नाहीत. इंग्रजी मेसेजमध्ये तो उन्हाळ्याची सबब सांगतोय, आणि ती सबब तक्रारदारानेच कागदावर आणून दिली आहे. समोरच्या वकिलाला याहून काय हवं? तो लेखी जवाबात लिहितो, कडक उन्हामुळे काम थांबलं होतं, तक्रारदाराच्या जोडपत्रातच तसं नमूद आहे. नंतर दुरुस्त केलेलं भाषांतर देता येतं, पण आधीचं का बदललं याचा खुलासा करत बसावं लागतं, आणि बाकीच्या मेसेजवरही शंका घेतली जाते.

यावर उपाय एकच. प्रत्येक मेसेज तीन ओळींत लिहा. पहिल्या ओळीत अहिराणी, जशीच्या तशी, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. दुसऱ्या ओळीत प्रमाण मराठी. तिसऱ्या ओळीत इंग्रजी. बाजूला तारीख, वेळ आणि कोणी कोणाला पाठवला ते. मधली मराठी ओळ घरातल्या अहिराणी बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, मग ती आजी असली तरी चालेल. इंग्रजी करणाऱ्याने इंग्रजी त्या मधल्या ओळीवरून करावं. व्हॉइस मेसेजलाही हीच पद्धत, आधी ऐकून शब्दशः लिहून काढायचं. वेळ लागतो, मान्य. शंभर मेसेज एका बैठकीत उरकायचे असतील त्यांनी हे काम घेऊच नये. खरं तर शंभर मेसेज लागतही नाहीत. कबुली, वायदा आणि पैसे मिळाल्याची पोच देणारे दहा-बारा निवडा, पण त्यांच्या आधीचा आणि नंतरचा मेसेज गाळू नका. नाहीतर सोयीचं तेवढंच उचललं असा आरोप ठरलेला.

‘फसवणूक’ हा शब्द जाईल तिथे चिकटवणं

आपण बोलताना सहज म्हणतो, त्याने फसवलं. तक्रारीतही ‘सामनेवाल्याने तक्रारदाराची घोर फसवणूक केली’ असं वाक्य असतंच. भाषांतर करणारा त्याचं ‘फ्रॉड’ आणि ‘चीटिंग’ करून मोकळा होतो, वर चार जड विशेषणं आपल्या पदरची घालतो. इथे पाय घसरतो. ग्राहक आयोगाचं काम झटपट पद्धतीने, मुख्यतः शपथपत्रं आणि कागदपत्रांवर चालतं. सेवेत त्रुटी होती का, एवढं तिथे ठरवायचं असतं. फसवणुकीसारखे गुन्हेगारी स्वरूपाचे आणि तथ्यांचा मोठा वाद असलेले प्रश्न आयोगाने ठरवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये एका बँकेच्या प्रकरणात सांगितलं आहे. तुमच्या कागदावर पानोपानी ‘फ्रॉड’ दिसला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार, हे प्रकरण इथलं नाहीच, यांना दिवाणी कोर्टात पाठवा.

पण म्हणून इंग्रजी करताना तो शब्द गुपचूप मऊ करू नका. मूळ मराठीत ‘फसवणूक’ आणि इंग्रजीत ‘सेवेतील त्रुटी’, हा फरक कोणीही पकडेल. आधी मराठी तक्रार दुरुस्त करा. ‘फसवणूक केली’च्या जागी घडलं ते लिहा: अमुक तारखेला फरशीसाठी 80,000 रुपये घेतले, फरशी आणली नाही, पैसेही परत केले नाहीत. हे वाक्य इंग्रजीत सरळ उतरतं, आणि सेवेतली त्रुटी म्हणजे काय ते त्यातूनच दिसतं. मराठी पक्की झाल्यावर तिच्यावर सही करा, त्यानंतरच इंग्रजीला हात लावा. इंग्रजीत सुचलेला चांगला मुद्दा मराठीत नसेल तर तो आधी मराठीत घाला. उलट्या क्रमाने काम करणारे शेवटी दोन वेगळ्या तक्रारी घेऊन बसतात.

कर्ता गायब असलेली वाक्यं

‘काम झाले नाही’, ‘काम रखडले’, ‘गिलावा राहून गेला’. मराठीत हे बिनदिक्कत चालतं, कोणी केलं नाही ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. इंग्रजीत मात्र ‘काम झाले नाही’चं ‘कुड नॉट बी डन’ केलेलं वारंवार दिसतं. त्याचा अर्थ होतो, काम होऊ शकलं नाही. म्हणजे कोणाचाच दोष नाही, परिस्थितीच तशी होती. ‘केलं नाही’ आणि ‘करता आलं नाही’ यांतल्या फरकावरच तर अख्खं प्रकरण उभं असतं. म्हणून मराठीतच प्रत्येक वाक्याला विचारा: कोणी? ‘सामनेवाल्याने 10 मे 2024 पर्यंत गिलावा पूर्ण केला नाही.’ आता भाषांतर करणाऱ्याला चुकायला जागाच उरत नाही. ‘पैसे दिले गेले’लाही हेच लागू. कोणी, कोणाला, रोख की यूपीआयने, हे त्याच वाक्यात यायला हवं.

वरच्या वाक्यातली तारीख कुठून आली? करारात तर ‘आखाजी’ लिहिलं आहे. सुरतेच्या आयोगाला आखाजी काय माहीत. करार भाषांतरित करताना ‘आखाजी’ तसाच ठेवा आणि तक्रारीच्या मजकुरात लिहा की आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या वर्षी 10 मे 2024. कराराच्या भाषांतरात परस्पर तारीख घालू नका, कारण मूळ स्टॅम्पवर ती नाही. तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून ही तारीख मोघम ठेवून चालत नाही. 10/5 असं आकड्यात न लिहिता महिना अक्षरात लिहा. रक्कम 6,40,000 अशीच लिहा. परदेशी पद्धतीचा स्वल्पविराम दिला की वाचणारा अडखळतो.

बाकीच्या चुका लहान, पण हमखास होणाऱ्या.

‘धाबं’ इंग्रजीत तसंच लिहिलं तर वाचणाऱ्याला हायवेवरचं जेवणाचं ठिकाण वाटतं. लाकडी सरे-फळ्यांवरचं मातीचं सपाट छत, असं उलगडून लिहा.

‘ओटा’ कुठला? दारातला बसायचा की स्वयंपाकाचा? मराठीतच ठरवा.

‘450 फूट फरशी’ म्हणजे चौरस फूट. स्कर्टिंग मात्र लांबीच्या फुटांत. दोन्हींचं ‘फीट’ केलं की बिलाचा हिशेब लागत नाही.

‘स्लॅबला पाणी मारले नाही’ यातल्या पाणी मारण्याला इंग्रजीत ‘क्युरिंग’ म्हणतात. ‘पाणी शिंपडलं नाही’ असं उतरलं तर झाडांची तक्रार वाटते.

‘मटेरियलसकट’ हा एक शब्द गाळला की रेती-सिमेंट मालकाने वेळेवर दिलं नाही, असं म्हणायला ठेकेदार मोकळा.

सामनेवाला म्हणजे ‘ऑपोझिट पार्टी’. त्याला ‘अक्यूज्ड’ लिहिणाऱ्याने आधी नीट झालेली एखादी तक्रार वाचावी.

शेवटची मागणी मात्र घाईत उरकू नका. ‘योग्य तो न्याय व भरपाई मिळावी’ याचं कितीही सुंदर इंग्रजी केलं तरी आकडा येत नाही. ‘भरपाई’ या एका शब्दात आपण परतावा, जादा खर्च आणि त्रासाचे पैसे असं सगळं कोंबतो. वरच्या प्रकरणात झालेल्या कामाची किंमत इंजिनिअरने 3,10,000 काढली. दिले 4,50,000, म्हणजे 1,40,000 जादा गेले. उरलेल्या कामाला दुसरा ठेकेदार 3,70,000 मागतो. करारातले 1,90,000 अजून मालकाकडेच आहेत, म्हणजे खिशातून 1,80,000 जास्त जाणार. या 1,80,000 मध्ये ते 1,40,000 आधीच धरलेले आहेत. दोन्ही वेगवेगळे मागितले तर तीच रक्कम दोनदा मागितली असं होतं. म्हणून मराठीत वेगवेगळे कलम पाडा: जादा खर्चाचे 1,80,000, त्यावरचं व्याज, मानसिक त्रासाचे अमुक, तक्रारीच्या खर्चाचे अमुक. मग कलमाला कलम लावून इंग्रजी करा. जोडपत्रांचे क्रमांकही दोन्ही भाषांत एकच ठेवा, आणि भाषांतर मुळाबरहुकूम असल्याचं भाषांतर करणाऱ्याचं सहीचं निवेदन शेवटी लावा.