स्लॅबची सळई आणताना

12 मिलिमीटरची सळई दुकानात 12 मीटर, म्हणजे जवळपास 40 फूट लांब मिळते. दुकानदार ती मधोमध वाकवून 20 फुटांची करून देतो. पिकअपचा हौदा मात्र साधारण 9 फुटांचा. मागचा फाळका उघडा टाकून निघालात, तर 11 फूट सळई मागे लोंबणार.

मागचा माणूस अंतर मोजतो ते टेललाइटवरून. सळई त्याच्याकडे सरळ रोखलेली असल्याने तिची लांबी त्याला दिसतच नाही, दिसतो तो फक्त एक बारीक ठिपका. आणि तोही दुचाकीस्वाराच्या छातीच्या उंचीवर. संध्याकाळी तर ठिपकाही दिसत नाही.

मालवाहू गाडीमागे मीटरभर माल बाहेर काढायची सूट 2014 मध्ये रद्द झाली. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा मालाला 20,000 रुपये दंड आहे. लाल फडकं बांधलं म्हणून त्यातून सुटका होत नाही.

म्हणून लोखंड घेण्याआधीच इंजिनिअरकडून कटिंगची यादी घ्या. रिंगा आणि छोटे तुकडे दुकानातच कापून घेतले, तर ते हौद्यात मावतात. पण लांब सळई गाडीत मावावी म्हणून मनाने कापू नका. दोन तुकडे जोडताना त्यांना एकमेकांवर चढवावं लागतं आणि 12 मिलिमीटरला प्रत्येक जोडापाशी साधारण 2 फूट सळई जादा जाते. जोड कुठे घ्यायचा तेही इंजिनिअरनेच ठरवायचं. लांब सळईसाठी 20 फुटांपेक्षा मोठ्या हौद्याचा ट्रक सांगा. 40 सळया म्हणजे सव्वाचारशे किलोच, तेवढ्यासाठी ट्रक महाग पडतो. शेजारी कुणाचं बांधकाम चालू असेल तर भाडं वाटून घ्या.

ट्रक बांधापाशी थांबला आणि पुढे स्वतःच्या शेतातून ट्रॉलीने न्यायची वेळ आली, तर खूण लागतेच. वाकवलेली बाजू मागे ठेवा, म्हणजे टोकं उघडी राहत नाहीत. तिच्यावर गोणपाट गुंडाळून बांधणीच्या तारेने आवळा, वर हातभर रुंद लाल कापड ताणून बांधा. चिंधी नको, ती वाऱ्याने सळईभोवती गुंडाळली जाते. अंधार पडला तर काम उद्यावर टाका. एक माणूस मागून चालत येऊ द्या, कारण ट्रॉली एका बाजूला वळते तेव्हा लोंबणारं टोक दुसऱ्या बाजूला झाडू मारल्यासारखं फिरतं.

गठ्ठा दोन ठिकाणी करकचून बांधला तरी मधल्या सळया सरकतात. बांधून झाल्यावर सगळ्या सळयांवरून खडूची एक आडवी रेघ ओढा. थोडं अंतर गेल्यावर, विशेषतः चढ संपल्यावर, थांबून ती पाहा. रेघ तुटलेली दिसली तर तिथेच दोर सोडून गठ्ठा पुन्हा बांधा.