कोणता पेपर कोणत्या सेमिस्टरला घ्यायचा?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात, म्हणजे सेमिस्टरला साधारण 20. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजात विषयाला एकच शिक्षक असतो, म्हणून बरेच पेपर वर्षातून एकदाच शिकवले जातात. आराखडा बसवताना घोळ होतो तो नेमका इथेच.

आधी शेवटचा पेपर ठरवा आणि तिथून मागे या. समजा, बीएस्सीला पाचव्या सेमिस्टरला मशीन लर्निंग घ्यायचं आहे. त्याआधी अल्गोरिदम आणि सांख्यिकी झालेलं हवं. अल्गोरिदमच्या आधी डेटा स्ट्रक्चर, त्याच्या आधी सी प्रोग्रॅमिंग. वहीत प्रत्येक पेपरपासून पुढच्याकडे बाण काढा आणि शेजारी तो विषम सत्रात शिकवतात की सम, ते लिहा. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत सगळेच पेपर असतात, प्रत्यक्षात कोणते चालतात हे विभागप्रमुखांनाच विचारावं.

सी पहिल्या, डेटा स्ट्रक्चर दुसऱ्या, अल्गोरिदम तिसऱ्या आणि मशीन लर्निंग पाचव्या सेमिस्टरला. आता क्रेडिट मोजा. दुसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर प्रॅक्टिकलसह 6, गणित 6, सांख्यिकी 4, इंग्रजी 4, पर्यावरण 2 आणि खुला ऐच्छिक 2, एकूण 24. मर्यादा 22 ची असेल, तर 2 कमी करायचेत.

इथे पुष्कळ मुलं डेटा स्ट्रक्चरच पुढे ढकलतात. प्रॅक्टिकल संध्याकाळी सुटतं आणि गावाकडची शेवटची एसटी चुकते, ही अडचण खरीच आहे. पण तो पेपर सम सत्रातच असेल तर चौथ्या सेमिस्टरला जातो, अल्गोरिदम पाचव्याला आणि मशीन लर्निंग थेट सातव्याला. तीन वर्षांत पदवी होत नाही. त्यापेक्षा सकाळची प्रॅक्टिकल बॅच मागा.

पुढे ढकलावा तो ज्याच्यावर दुसरा कुठलाच पेपर अवलंबून नाही. इथे खुला ऐच्छिक. तो दोन्ही सत्रांत चालत असेल तर तिसऱ्याला घ्या, बेरीज बरोबर 22 होते. सांख्यिकीही चौथ्याला ढकलता येते, पण मी ढकलणार नाही. चौथ्याला ती राहिली तर पाचव्यातलं मशीन लर्निंग अडतं. दुसऱ्याला राहिली तर चौथ्याला पुन्हा देता येते.

एटीकेटीचा नियम आधीच विचारून ठेवा. काही ठिकाणी आधीचा पेपर नुसता शिकलेला चालतो, काही ठिकाणी तो पासच लागतो. पास लागत असेल, तर साखळीतल्या पेपरसोबत त्याच सेमिस्टरला आणखी अवघड पेपर शक्यतो घेऊ नका.

कॉलेजात नसलेला पेपर स्वयम् पोर्टलवर जानेवारी किंवा जुलैच्या सत्रात मिळू शकतो. नाव नोंदवण्याआधी क्रेडिट धरले जातील अशी लेखी परवानगी कॉलेजकडून घ्या, आणि निकाल पुढच्या पेपरच्या नोंदणीआधी लागतो का तेही बघा.