दुकान बंद करताना या चुका टाळा

चिंचवडला माझं पोळी-भाजी केंद्र होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू केलं आणि ३१ जानेवारी २०२४ ला शटर शेवटचं ओढलं. चौदा वर्षांच्या नोकरीतून साठलेले साडेसहा लाख त्यात गेले, आणि आईनं दिलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या गहाण पडल्या. तेव्हापासून ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फोन येतात. धंदा कसा सुरू करायचा हे शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, बंद कसा करायचा हे कोणी सांगत नाही. म्हणून त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा ऐकते, आणि दर वेळी जीव तुटतो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे उशीर. "ताई, एवढी दिवाळी जाऊ दे, मग बघू," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मला आधीच दिसतं. मीही हेच म्हणाले होते.

माझा हिशेब असा होता. गाळ्याचं भाडं ३२,०००. पोळ्या लाटणाऱ्या दोघी, भाजीची एक आणि डबे पोचवणारा मुलगा मिळून पगार ४९,०००. लाइट, फोन, किरकोळ दुरुस्ती ९,०००. म्हणजे एकही पोळी विकली नाही तरी महिन्याला ९०,००० जाणारच. शंभर रुपयांच्या विक्रीतले पंचावन्न कणीक, तेल, भाजी, गॅस आणि पॅकिंगला जायचे, पंचेचाळीस उरायचे. त्या पंचेचाळिसांतून नव्वद हजार निघायचे तर विक्री दोन लाखांची हवी. मार्च २०२३ पर्यंत ती दोन लाख दहा हजारांच्या आसपास होती. माझा स्वतःचा पगार त्यात धरलेलाच नव्हता, तरी दुकान आपल्या पायावर उभं होतं.

एप्रिलमध्ये जवळची एक कंपनी चाकणला हलली आणि रोजचे तीसेक डबे एकदम गेले. विक्री १,४५,००० वर आली. तिचे पंचेचाळीस टक्के म्हणजे ६५,२५०. महिन्याला जवळजवळ पंचवीस हजारांचा खड्डा. हा हिशेब करायला पाच मिनिटं लागतात आणि तो मी मे महिन्यात वहीत केलाही होता. पान उलटलं. समोर नवी इमारत उभी राहत होती, दिवाळीपर्यंत तिथे लोक राहायला येतील, डबे परत वाढतील, असं स्वतःला सांगत राहिले.

बचत तोवर संपली होती. जूनमध्ये पाटल्यांवर दीड लाख उचलले. पंचवीस हजार महिन्याला म्हणजे दीड लाख सहा महिने पुरतात, आणि तेवढेच पुरले. नोव्हेंबरअखेर खातं रिकामं. दिवाळीत फराळाच्या साठ हजारांच्या ऑर्डरी आल्या, त्यानं मला वाटलं जमतंय. पण तूप, सुकामेवा, तळणाचं तेल आणि जादा बायकांची मजुरी देऊन हातात अठरा हजार राहिले. एका महिन्याचा खड्डासुद्धा भरला नाही. समोरच्या इमारतीत लोक यायला लागले ते मी गेल्यावर.

मी का थांबले, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. उद्घाटनाला सोसायटीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. नोकरी सोडू नकोस असं सासूबाई सांगत होत्या. बंद करणं म्हणजे त्या सगळ्यांसमोर जाऊन "माझं चुकलं" म्हणणं. ती लाज टाळायला मी महिन्याला पंचवीस हजार मोजत होते. भाचीच्या लग्नात आईनं पाटल्या विचारल्या तेव्हा "लॉकरमध्ये आहेत" म्हणाले आणि जेवण घशाखाली उतरलं नाही. दोन महिन्यांनी तिला खरं सांगितलं. ती रागावली नाही. "आधी सांगितलं असतंस तर मोडायला लावल्या असत्या, व्याज तरी वाचलं असतं," एवढंच म्हणाली.

आता कोणी विचारलं तर मी दोनच गोष्टी बघायला सांगते. घरच्या खात्यातून दुकानाच्या खात्यात लागोपाठ दुसऱ्या महिन्यात पैसे गेले का? आणि किराणा देणाऱ्याची उधारी लांबत चालली का? माझी आठ दिवसांची उधारी चाळीस दिवसांवर गेली होती. दोन्हींचं उत्तर हो असेल तर त्याच आठवड्यात करारनामा काढून नोटिशीची मुदत वाचायची. सोनं गहाण ठेवून तोटा भरायचा नाही. मशीन घ्यायला, ठरलेल्या मोठ्या ऑर्डरचा माल भरायला सोनं ठेवलं तर समजू शकते. भाडं आणि पगार भरायला ठेवलं की ते परत येत नाही.

नोटिशीची चूक ह्याच्याच पोटातली. माझ्या करारात दोन महिन्यांची लेखी नोटीस होती. मी डिसेंबरात मालकांना तोंडी सांगितलं, त्यांनी मान डोलावली, मला वाटलं झालं. लेखी दिलं ते जानेवारीच्या शेवटी, चावी देताना. त्यांनी दीड लाखाच्या डिपॉझिटमधून दोन महिन्यांचं भाडं, ६४,००० रुपये, कापलं. भांडायला माझ्याकडे कागदच नव्हता. नोटीस कागदावर द्या, प्रतीवर सही आणि तारीख घ्या. सही करत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा.

दुसरी चूक, जिच्यावर मी फोनवर आवाज चढवते, ती म्हणजे "शटर ओढलं की धंदा बंद". शटर ओढल्यानं फक्त दार बंद होतं. सरकारच्या लेखी दुकान चालूच असतं.

मला एका ऑफिसच्या जेवणाचं काम मिळेल म्हणून जीएसटी नंबर घेतला होता. काम मिळालं नाही, नंबर राहिला. फेब्रुवारीपासून विक्री शून्य, मग भरायचं काय, म्हणून मी पोर्टलकडे बघितलंच नाही. ईमेल दुकानाच्या पत्त्यावर येत होते आणि तो मेलबॉक्स उघडायची मला भीती वाटायची. सप्टेंबरात उघडला तेव्हा नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस पडलेली. विक्री शून्य असली तरी GSTR-3B हे महिन्याचं विवरणपत्र भरावंच लागतं. न भरल्यास शून्य विवरणपत्राला दिवसाला वीस रुपये विलंब शुल्क, एका विवरणपत्रामागे जास्तीत जास्त पाचशे. सात महिन्यांचे साडेतीन हजार झाले, वर कर सल्लागाराची फी. रक्कम मोठी नाही. पण ज्या महिन्यात मी किराणावाल्याला हजार हजारानं फेडत होते, त्या महिन्यात ती मोठी होती.

सांगवीत कपड्याचं दुकान असलेल्या एका मुलाचं ह्याहून वाईट झालं. त्यानं नोंदणी रद्द करून घेतली, रद्द झाल्याचा आदेश हातात आला आणि तो निर्धास्त झाला. GSTR-10 नावाचं अंतिम विवरणपत्र पुढच्या तीन महिन्यांत भरायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सल्लागाराचे दोन हजार वाचवायला त्यानं सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून केलं होतं. त्याला दिवसाला दोनशेप्रमाणे कमाल दहा हजार शुल्क बसलं. शिवाय बंद करताना चार लाखांचा माल पडून होता. त्या खरेदीवरच्या पाच टक्के कराची वजावट त्यानं आधीच घेतलेली, म्हणजे ते वीस हजारही परत भरायचे होते. माझ्यासारख्या पाच टक्क्यांच्या खाद्यपदार्थवाल्यांना वजावट मिळतच नाही, त्यामुळे ही भानगड नसते. माल विकणाऱ्या प्रत्येकानं मात्र शेवटच्या दिवशीचा साठा मोजून, खरेदीची बिलं लावून ठेवावी.

क्रम सांगते. शेवटच्या महिन्यापर्यंतची विवरणपत्रं भरायची. बंद केल्यापासून तीस दिवसांत नोंदणी रद्द करायला REG-16 चा अर्ज करायचा. आदेश आला की तीन महिन्यांत GSTR-10. सोबत व्यवसाय कराची नोंदणी रद्द करायची, नाहीतर वर्षाला अडीच हजार मागे लागतात. गुमास्ता आणि अन्न परवान्यालाही बंद झाल्याचं कळवायचं. इथे घाई करणारे आणि सल्लागाराला टाळणारे दोघेही हमखास अडकतात.

महावितरणचं मीटर कायमचं तोडायचा अर्ज द्या. वापर शून्य असला तरी स्थिर आकार येत राहतो, आणि सुरक्षा ठेव अर्ज केल्याशिवाय परत मिळत नाही.

चालू खातं सगळ्यात शेवटी बंद करा. अशा ठेवी त्यातच येतात.

सामान शटर उघडं असताना विका. मी बंद केल्यावर विकायला काढलं. चौतीस हजारांचा डीप फ्रीजर जुन्या सामानवाल्यानं नऊ हजारांना नेला, कारण वीज तोडलेली होती आणि तो चालतो हे दाखवता येत नव्हतं. शेगडी पेटलेली, फ्रीजर गार असताना मेसवाल्यांना आणि केटरर लोकांना बोलवा.

आता ती चूक, जिची किंमत पैशांत होत नाही. कामावरच्या बायकांना मी शेवटच्या आठवड्यात सांगितलं. वाटायचं, आधी सांगितलं तर सोडून जातील आणि डबे अडतील. पोळ्या करणाऱ्या मावशी दोन वर्षं पहाटे साडेपाचला यायच्या. मी सांगितल्यावर त्या लाटणं ठेवून म्हणाल्या, "मागल्या सोमवारी वाल्हेकरवाडीच्या मेसवाल्यानं बोलावलं होतं, दोन हजार जास्त देत होता. तुमचं अडेल म्हणून नाही म्हटलं." मी तिथेच त्या मेसवाल्याला फोन लावला. त्यानं बाई ठेवून झाली होती.

त्यांना पुढचं काम एप्रिलमध्ये मिळालं. फेब्रुवारी आणि मार्चचा निम्मा निम्मा पगार मी त्यांना फ्रीजरच्या आणि टेबलांच्या पैशांतून दिला. त्या घेत नव्हत्या. त्यांच्या मुलीच्या हातात पाकीट देऊन आले.