अठरा महिन्यांत कर्जाविना मोटरसायकल: दर महिन्याला किती बाजूला काढायचे?

किमतीला अठराने भागले की महिन्याचा आकडा मिळतो. पण कास्तकाराच्या घरी हा आकडा जूनमध्येच कोलमडतो, कारण दुधाचा चुकारा दर पंधरवड्याला येत असला तरी सोयाबीन-कापसाचे पैसे वर्षातून चार-पाच महिनेच हातात येतात. म्हणून आधी एकूण रक्कम पक्की करायची आणि मग ती महिन्यांच्या ऐपतीप्रमाणे वाटायची.

सुरुवात शोरूममधून करा. तालुक्याच्या गावी जाऊन 'ऑन रोड' कोटेशन कागदावर मागा आणि प्रत्येक बाब वेगळी लिहून घ्या. जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत असते. तिच्यावर रोड टॅक्स, नोंदणी, नंबर प्लेट आणि विमा चढतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो सुटत नाही. गार्ड आणि सीट कव्हर मात्र नको असेल तर काढायला सांगता येते. रोख घेणार असाल तर हायपोथिकेशनचा, म्हणजे गाडीवर कर्जाची नोंद चढवण्याचा, आकार कोटेशनमध्ये नको. सूट फक्त फायनान्सवर आहे का, तेही तेव्हाच विचारा. बऱ्याचदा ती तशीच असते.

समजा १०० सीसीच्या गाडीची एक्स-शोरूम किंमत ७५,००० आहे, टॅक्स-नोंदणी-नंबर प्लेट ९,०००, विमा ६,००० आणि हेल्मेट-गार्ड मिळून २,०००. एकूण ९२,०००. दीड वर्षात भाव वाढतोच, म्हणून ५ टक्के, म्हणजे ४,६०० जास्त धरा. झाले ९६,६००. बकऱ्या विकून आलेले ६,६०० हाताशी असतील तर जमवायचे राहिले ९०,०००. समान वाटणी केली तर महिन्याला ५,००० होतात.

बँकेचे व्याज या हिशेबात धरू नका. दरमहा ५,००० टाकले तरी सहा टक्क्यांनी अठरा महिन्यांत सव्वाचार-साडेचार हजार मिळतात, म्हणजे एक हप्ताही पुरा निघत नाही. ते विम्याचा दर वाढला तर कामी येतील.

आता महिने वाटू. कोरडवाहू चार एकर, दोन म्हशी, आणि बचतीची सुरुवात डिसेंबरमध्ये, असे घर धरू. अठरावा महिना मे येतो.

- जून ते सप्टेंबर (४ महिने): बियाणे, खत, निंदण, डवरणी, शाळा, पोळा. दुधाच्या चुकाऱ्यातून फार तर १,५०० निघतील. एकूण ६,०००.
- मार्च ते मे (दोनदा, ६ महिने): ३,५०० प्रमाणे २१,०००.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि दोन्ही वर्षांचे डिसेंबर ते फेब्रुवारी (८ महिने): सोयाबीन, कापूस, तूर. उरलेले ६३,००० इथून काढायचे, म्हणजे महिन्याला ७,९००.

बेरीज ९०,२००. या वाटणीने पहिल्या ऑगस्टअखेर, म्हणजे निम्मे महिने गेल्यावर, ३८,७०० जमतात. निम्मी रक्कम ४५,००० असते, तरी हिशेब चुकलेला नाही, फक्त तंगीचे महिने आधी आलेत. खरी तपासणी नोव्हेंबरअखेर करा. तेव्हा ५६,००० हवेत. कापणीच्या वेळी पाऊस लागून सोयाबीन डागी झाले आणि त्या दोन महिन्यांत १५,८०० ऐवजी ८,०००च टाकता आले, तर ७,८०० ची तूट उरलेल्या सहा महिन्यांवर वाटा. महिन्याला १,३०० जास्त पडतील. फेब्रुवारीतच तेवढे झेपेनासे दिसले, तर खरेदी पुढच्या नोव्हेंबरवर न्या. जून-जुलैत तूट भरून निघत नाही.

पैसे ठेवायचे कुठे? पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही, म्हणून ती इथे उपयोगाची नाही. बँकेत १७ महिन्यांची आरडी काढा, म्हणजे डिसेंबरमध्ये सुरू केलेली मे महिन्यात सुटेल, पण ती १,५०० चीच. सगळ्यात तंगीच्या महिन्यात जमते तेवढीच ठेवली की हप्ता चुकत नाही. हंगामातली वरची रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाका किंवा मे महिन्यात मुदत संपेल अशी एफडी करा. पीककर्जाच्या खात्यात टाकू नका, ते पैसे कर्जात वळते होतात.

आणि मे महिन्यात आरडी-एफडी सुटली की गाडीचे बुकिंग मिरगाआधी उरका. जूनच्या पहिल्या आठवड्यात खात्यात ९०,००० दिसले, की त्यातून आधी बियाण्याच्या बॅगा येतात.