पंचवीस पाइल म्हणजे एका पाइलची पंचवीस पट नव्हे

मुंबईत पाइलचं, म्हणजे इमारतीखाली जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांचं, डिझाइन शिकलेल्या मुलांना ग्रुपचा, म्हणजे जवळजवळ उभ्या पाइल मिळून किती भार घेतील हा, प्रश्न फारसा भेटत नाही. तिथे पाइल चिकणमातीतून खाली बेसॉल्टमध्ये जाऊन बसते आणि खडक भार घेतो. पण कोलकात्यासारख्या ठिकाणी, जिथे चिकणमातीचे थर खोलवर जातात आणि पाइल बाजूच्या घर्षणावर उभी असते, तिथलं काम हाती आलं की ग्रुपचं गणित मुळापासून समजून घ्यावं लागतं. नव्यांना ते समजावताना मी नेहमी एकच उदाहरण सोडवून दाखवतो.

पाच बाय पाच, म्हणजे २५ पाइल घ्या. व्यास ०.५ मीटर, लांबी १५ मीटर. चिकणमातीची अनड्रेन्ड शिअर स्ट्रेंग्थ, म्हणजे पाणी निघायच्या आत सरकण्याला होणारा विरोध, ४० किलोपास्कल. त्यातला किती भाग पाइलच्या बाजूला मिळतो ते सांगणारा अ‍ॅढिजन फॅक्टर ०.८. एका पाइलच्या बाजूवर सुमारे ७५५ किलोन्यूटन मिळतात, बुडावर ७० च्या आसपास. म्हणजे एक पाइल साधारण ८२५ किलोन्यूटन घेते आणि पंचवीस पाइलची बेरीज २०,६०० होते.

आता पाइलच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर १ मीटर, म्हणजे व्यासाच्या दुप्पट ठेवून बघू. पाइल इतक्या जवळ आल्या की त्यांच्यामधली माती त्यांच्यासोबतच खाली निघते. ४.५ मीटर बाजूचा चौकोनी ठोकळा एकसंध सरकतो, हेच ब्लॉक फेल्युअर. या ठोकळ्याच्या कडेला माती मातीवर घसरते, म्हणून तिथे ०.८ लावायचा नाही, पूर्ण ४० धरायचे. बाजूवर १०,८०० आणि बुडावर, नऊ पट स्ट्रेंग्थ धरून, ७,२९०. एकूण सुमारे १८,१००. हे बेरजेपेक्षा कमी आहे, म्हणून ग्रुपची क्षमता हीच आणि एफिशियन्सी, म्हणजे ग्रुपची क्षमता भागिले बेरीज, ०.८८.

अंतर १.५ मीटर करा. ठोकळा ६.५ मीटरचा होतो आणि त्याची क्षमता ३०,८०० वर जाते. आता बेरीज लहान आहे, तेव्हा पाइल सुट्या सुट्याच फेल होतील आणि एफिशियन्सी १ धरायची. घर्षणावरच्या पाइलसाठी आयएस २९११ हे पाइलचं भारतीय मानक व्यासाच्या तिप्पट अंतर मागतो, त्यामागचं एक कारण या दोन आकड्यांत दिसतं.

याच १.५ मीटर अंतराला एफिशियन्सीचं कॉन्व्हर्स-लाबार सूत्र ०.६७ सांगतं. त्या सूत्रात व्यास, अंतर आणि ओळींची संख्या एवढंच येतं; मातीचा एकही गुणधर्म नाही. चिकणमातीसाठी मी ते वापरत नाही. सुट्या पाइलची बेरीज आणि ब्लॉक या दोन्ही क्षमता काढायच्या, लहान असेल ती घ्यायची.

इथपर्यंत आलेले बरेच जण फाइल बंद करतात, आणि खरी अडचण इथेच सुरू होते. सुरक्षा गुणांक २.५ धरला तर प्रत्येक पाइलवर ३३० किलोन्यूटन येतात. लोड टेस्टमध्ये एवढ्या भाराला एकटी पाइल काही मिलिमीटर खचते. तेवढंच खचणं पूर्ण ग्रुपलाही धरलं की गणित फसतं.

एकट्या पाइलचा ताण थोड्याच मातीत विरून जातो. ग्रुपमध्ये शेजाऱ्यांचे ताण एकमेकांवर चढतात आणि ग्रुपच्या रुंदीइतक्या खोलीपर्यंत पोचतात. अंदाजासाठी सगळा भार पाइलच्या दोन-तृतीयांश खोलीवर, म्हणजे १० मीटरवर, ६.५ मीटरच्या राफ्टवर आहे असं मानायचं आणि तिथून तो खाली २:१ उताराने पसरवायचा. १७.५ मीटर खोलीवर ग्रुपमुळे सुमारे ४२ किलोपास्कल वाढतात. त्याच हिशोबाने एकट्या पाइलमुळे तिथे जेमतेम ५. शिवाय चिकणमातीतलं पाणी निघायला वर्षं लागतात आणि लोड टेस्ट तेवढी थांबत नाही, त्यामुळे कन्सॉलिडेशनचं, म्हणजे पाणी निघत जाऊन माती दबण्याचं, खचणं टेस्टमध्ये दिसतच नाही.

माती २५ मीटरपर्यंत तशीच, आणि तिची संकोच्यता दर किलोपास्कलला ०.०००२ धरली, तर १० ते २५ मीटरमधलं दबणं थराथराने जमा केल्यावर ग्रुप कन्सॉलिडेशननेच अंदाजे १८ सेंटिमीटर खचेल. क्षमतेत अडीच पट सुरक्षित असलेला पाया इमारतीला चालणार नाही.

अशा वेळी नवे डिझायनर त्याच जागेत आणखी पाइल घालायला जातात. भार आणि ठोकळ्याची रुंदी तीच असेल तर खोलवरचा ताण तसाच राहतो, खचणं जवळजवळ हलत नाही. पाइल २० मीटर केल्या तरी या एकसारख्या मातीत १८ चे १६ च होतात. अंतर २ मीटर करून ग्रुप ८.५ मीटर रुंद केला तर ते १२ वर येतं, मात्र पाइलना वरून जोडणारी पाइल कॅप जाड आणि महाग होते. २५ मीटरखाली घट्ट थर असेल, तर पाइल तिथवर नेणं हाच बहुधा योग्य मार्ग. म्हणून बोअरहोल पाइलच्या टोकापाशी थांबवू देऊ नका. ग्रुपच्या रुंदीच्या किमान दीडपट तरी टोकाखाली न्या आणि त्या खोलीतल्या नमुन्यांची कन्सॉलिडेशन टेस्ट मागा.